कारंज्याचा पंप घेताना


समजा, वांद्र्यात कार्टर रोडजवळ आपली छोटी बाग आहे.
तिथलं तळं 6 फूट रुंद.
नोझल मधोमध, म्हणजे काठ 3 फुटांवर.
मग धार 3 फुटांहून उंच नको.
समुद्राचा वारा असतो, तेव्हा 2 फूटच बरी.
नाहीतर तळं रिकामं आणि फरशी ओली!

आता पंप.
खोक्यावर असतं, ‘कमाल हेड 2 मीटर’.
इथेच फसगत होते.
त्या उंचीवर पंप पाणी देतच नाही.
प्रवाह शून्य!
म्हणून सोबतचा तक्ता पाहा.
हव्या त्या उंचीला तासाला किती लिटर मिळतं, ते बघा.
उंची मोजायची ती पाण्याच्या पृष्ठभागापासून, तळापासून नव्हे.
पाइप आणि नोझलमध्ये जोर घटतो, तोही धरा.

नोझल बारीक छिद्रांचं असेल, तर पाणी कमी लागतं.
पण छिद्रांत शेवाळ अडकतं, आणि तुषार वाऱ्यावर उडतात.
फेसाळ, जाड धारेला पाणी जास्त लागतं.
पण ती वाऱ्याला सहसा दाद देत नाही.
वांद्र्यात मी तीच घेईन.

पुन्हा सांगते, कमाल हेडवर प्रवाह शून्य.
दुकानात आधी तक्ता मागा, किंमत नंतर विचारा.