भुलाबाईचे स्टिकर आणि सुरीची माया

आम्ही मालेगावहून बोलतोय. नाशिककडचं नव्हे, आपल्या वाशिम जिल्ह्यातलं, अकोला रस्त्यावरचं मालेगाव. आज कागद, रंग आणि सुरी यांच्याबद्दल बोलायचं आहे. आमच्या गटातल्या बाया यंदा भुलाबाईचे स्टिकर करतायत, त्यातलं जे हाताला आलं ते सांगतो.

भुलाबाई आपल्याला काही नवी नाही. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी गाणी, टिपऱ्या आणि डब्यातली खिरापत ओळखायची गंमत. मातीच्या मूर्तीत भुलाबाई, शेजारी भुलोजी, मांडीवर बाळ गणपती. या मूर्तीच मुळात चित्रासारख्या असतात. गोल चेहरा, मोठे डोळे, मान जवळपास नाहीच, फेट्याला तुरा. बारकावे कमी आणि बाहेरची रेघ ठसठशीत, म्हणून स्टिकरला त्या फार सोयीच्या. मुलींनी वहीवर लावायचे, म्हणून एका पानावर बारा स्टिकर करायचे ठरलं. चित्राच्या आकारानेच कापलेले, बोटाने सोलून काढता येतील असे.

छपाईवाल्याकडून पहिलं नमुन्याचं पान आलं, तेव्हा आमच्या एका आजींनी ते डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाल्या, "माय, भुलाबाईच्या नथीवरून सुरी गेली वं! लेकरं काय म्हनतीन?" खरंच तसं होतं. छपाई छान, रंग छान, पण कापण्याची रेघ डावीकडे एक मिलीमीटर सरकलेली. पान नमुन्याचंच होतं म्हणून ठीक. दोनशे पानं अशी कापली गेली असती तर ती विकता आली नसती, आणि देवीचं तोंड कापलेलं पान कोणी फुकटही घेतलं नसतं.

आता, हे मशीनचं बिघडणं नव्हतं. छपाई एका यंत्रावर होते, कापणं दुसऱ्या. पानाच्या कोपऱ्यांत छापलेल्या काळ्या खुणा कापणारं यंत्र बघतं आणि त्यावरून चित्र कुठे आहे याचा अंदाज बांधतं. त्यात छपाईच्या उष्णतेने कागदातली ओल जाते आणि तो किंचित आकसतो. कागद यंत्रात थोडा तिरका जातो. अर्धा-एक मिलीमीटर सरकणं म्हणूनच नेहमीचं. सुरी नेमकी रेघेवर पडेल असं धरून चित्र करायचंच नाही. ती इकडेतिकडे पडली तरी चालेल, असं करायचं.

त्यासाठी कापायची रेघ चित्राच्या कडेवर न ठेवता बाहेर ठेवतात. या अंतराला ऑफसेट म्हणतात. ऑफसेट म्हटलं की आपल्याला छापखान्यातलं मशीन आठवतं, पण इथे त्याचा अर्थ एवढाच, की रांगोळीच्या मोराभोवती सारख्या अंतरावर आपण दुसरी रेघ ओढतो ना, तसं. चित्र आणि ती दुसरी रेघ यांच्यामध्ये जी पट्टी उरते तीच स्टिकरची पांढरी किनार. किनार शोभेसाठी असते असं वाटतं. शोभतेही. पण तिचं खरं काम सुरीची चूक पोटात घालणं हे आहे.

हिशोब करून बघा. आमच्या भुलाबाईची रुंदी पन्नास मिलीमीटर. किनार एक मिलीमीटर ठेवली आणि सुरी एक मिलीमीटर सरकली, तर एका बाजूला किनार शून्य आणि दुसऱ्या बाजूला दोन. एकीकडे सुरी थेट चित्राला टेकली. किनार अडीच मिलीमीटर ठेवली तर तेवढ्याच सरकण्याने एका बाजूला दीड आणि दुसऱ्या बाजूला साडेतीन उरते. निरखून पाहणारीला कळेल, पण नथ शाबूत. म्हणून आम्ही अडीचवर थांबलो. चित्रच लहान असेल, समजा वीस मिलीमीटरचा दिवा, तर अडीचची किनार फार जाड दिसते. तिथे दीड पुरे, पण त्याच्या खाली जाऊ नये.

ही रेघ संगणकावर कशी काढायची, ते आमच्या गटातली बी. ए. झालेली सून करते. Inkscape नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे. हाताने काढलेलं चित्र स्कॅन करून त्यात आणायचं, `Path > Trace Bitmap` ने त्याचे आकार करून घ्यायचे, मग त्याची एक प्रत काढून तिचे सगळे तुकडे `Path > Union` ने एक करायचे. या एकसंध आकाराचा आतला रंग काढून टाकायचा आणि त्याला पाच मिलीमीटर जाडीची रेघ द्यायची. अडीच हवी असताना पाच का? कारण रेघेची अर्धी जाडी आकाराच्या आत जाते आणि अर्धीच बाहेर येते. कोपरे गोल ठेवायचे. मग `Path > Stroke to Path` करून त्या रेघेचाच आकार करायचा, `Path > Break Apart` ने सुटा करायचा, आतला भाग काढून टाकायचा आणि फक्त बाहेरची कड ठेवायची. मूळ रंगीत चित्राला यातलं काही लागत नाही, ते आपल्या जागी तसंच राहतं.

इथे दोन गोष्टी नीट बघाव्या लागतात. भुलोजीच्या फेट्याचा तुरा आमच्या चित्रात एक मिलीमीटर रुंद होता. दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच धरले की तो सहा मिलीमीटरची जीभ होतो. चालतो. पण ती लांब, अरुंद जीभ सोलताना आधी उचकटते आणि वाकते. आम्ही तुरा आखूड केला आणि फेट्याला टेकवला. दुसरी गोष्ट पोकळ्यांची. दोन भागांमधली फट पाच मिलीमीटरपेक्षा कमी असेल तर दोन्हीकडची किनार मिळून ती आपोआप बुजते. ज्वारीच्या ताटांचं मखर आमच्या पानावर आहे. त्यातली ताटं अशीच मिळून गेली, बरंच झालं. पण भुलाबाईचा हात कमरेवर आहे, तिथली फट मोठी होती. कापायच्या रेघेत तिथे चण्याएवढं भोक उरलं. असं भोक ठेवलं तर सोलताना तो तुकडा कागदालाच चिकटून राहतो आणि मुली तो नखाने टोकरत बसतात. भोक काढून टाकलं, तिथे पांढरंच राहू दिलं.

आता ब्लीड. शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना हे लगेच कळेल. ब्लाऊज बेतताना आपण माया सोडतो ना, तशी ही रंगाची माया. आमच्या पानावर एक गोल स्टिकर आहे, खिरापतीच्या डब्याचा, आणि त्याची जमीन पिवळी. त्याला पांढरी किनार नको होती, पिवळा रंग कडेपर्यंत हवा होता. मग पिवळा रंग कापायच्या रेघेवरच संपवायचा नाही. रेघेच्या बाहेर चहूबाजूंनी दोन मिलीमीटर जास्त पसरवायचा. सुरी थोडी बाहेर पडली तरी तिला पिवळंच मिळतं. ही माया सोडली नाही तर गोलाच्या एका बाजूला चंद्रकोरीसारखी पांढरी फट दिसते. अशी फट दिसली की सुरीला दोष देण्याआधी चित्रात माया सोडली होती का, ते बघावं.

पांढऱ्या कागदावर पांढरी किनार असेल तर मायेचा प्रश्नच नाही, कारण पांढरा हा कागदाचाच रंग. पण कोणाला वाटलं, की सगळं पान हिरवं करू या, शेतासारखं, आणि त्यावर पांढऱ्या किनारीचे स्टिकर ठेवू या, तर सांभाळा. पांढरं नेमकं कापायच्या रेघेवर संपलं, तर सुरी सरकताच स्टिकरच्या एका अंगाला हिरवी कोर येते. अशा वेळी पांढऱ्या रंगालाच माया द्यावी लागते, रेघेच्या बाहेर दीड-दोन मिलीमीटर पांढरं. आम्ही तर पान पांढरंच ठेवलं. शाईही वाचली.

पान मांडताना स्टिकरचं माप किनारीसकट धरायचं. पन्नासचं चित्र म्हणजे पंचावन्नचा स्टिकर. ए-फोर पान २१० मिलीमीटर रुंद. खुणांसाठी दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सोडले की उरतात १८०. त्यात पंचावन्नचे तीन, मध्ये पाच-पाचच्या दोन जागा, झाले १७५. बसतं. दोन स्टिकरच्या मधली जागा तीन मिलीमीटरच्या खाली गेली, तर मधली बारीक पट्टी सुरीबरोबर उचलली जाते आणि पुढचं कापणं फाटतं.

कागदाबद्दल आमच्यात बरीच चर्चा झाली. एक बाई म्हणाली, प्लास्टिकचा घेऊ, न फाटणारा, पाण्यातही टिकतो. डब्याला, पाण्याच्या बाटलीला तोच बरोबर. पण आजींनी विचारलं, बाटली कुठंही पडते, पायाखाली येते, तिच्यावर भुलाबाई कशाला? पटलं. वहीपुरतेच ठेवायचे तर साधा कागदी स्टिकर पुरतो. त्यातही गुळगुळीत क्रोमोवर रंग खुलतो, पण बॉलपेन सरकतं. ज्या तीन स्टिकरवर नाव लिहायची जागा आहे, त्यांच्यासाठी चमक नसलेला मॅपलिथो हवा होता. एका पानावर दोन कागद येत नाहीत. शेवटी सगळं पान मॅपलिथोचं केलं. लाल रंग थोडा मंद आला, नाव मात्र नीट लिहिता येतं. घरच्या शाईच्या प्रिंटरवर क्रोमो घालू नका, बोट लागलं की रंग फिसकटतो. आणि प्लास्टिकचा कागद लेझर प्रिंटरला चालतो असं पाकिटावर लिहिलेलं नसेल, तर तो यंत्रात वितळून चिकटू शकतो.

वरून चकचकीत लॅमिनेशन करणार असाल तर कोपऱ्यातल्या काळ्या खुणा उघड्या ठेवायला सांगा. चमकेमुळे यंत्राला त्या दिसत नाहीत आणि सगळं पान वाकडं कापलं जातं.

छपाईवाल्याला फाइल देताना कापायची रेघ वेगळ्या थरावर, वेगळ्या रंगाची द्यायची. पुष्कळ यंत्रं ती रेघ `CutContour` या नावाच्या रंगावरून ओळखतात, मध्ये जागा न सोडता, दोन्ही C मोठे. त्याच्याकडे कोणतं नाव चालतं ते आधी विचारा, नाहीतर तो रंग चित्रावर छापूनच येईल. आणि "हाफ कट" असं स्पष्ट सांगा, म्हणजे वरचा कागदच कापायचा, खालचा मेणकट कागद नाही.

हाफ कट बरोबर झालाय का, ते घरीच कळतं. एक स्टिकर सोला आणि खालचा कागद खिडकीच्या उजेडात धरा. सुरीची बारीक खूण दिसावी, पण बोटाने दाबल्यावर कागद फाटू नये. खूण अजिबात नसेल तर स्टिकरची कड सोलताना तंतू ओढत येईल, म्हणजे सुरी उथळ गेली किंवा बोथट झाली. खालचा कागदही सुटत असेल तर सुरी खोल गेली आणि पोरीच्या हातात पानाचे तुकडे येतील.

छापल्यावर पानं लगेच कापायला लावू नका, गार होऊ द्या. आमची दुरुस्त केलेली दोन पानं आलीत, एक सकाळचं आणि एक दुपारचं. दोन्हींवर पट्टी ठेवून नथीच्या बाजूची किनार मोजली. एकावर दोन, दुसऱ्यावर पावणेदोन. आजींनी दोन्ही पानं पाहिली, आणि आता उरलेली छापायला सांगितली आहेत.