मेसेजमधला लपलेला ‘तू’

परवा साखरपुड्याचं आमंत्रण मित्राला पाठवलं: ‘शनिवारी नक्की ये. वहिनीलाही घेऊन ये. पत्ता पाठव, गाडी पाठवतो.’ हेच शाळेतल्या सरांना पाठवायचं होतं. म्हटलं, ‘तू’ शोधू आणि ‘तुम्ही’ करू. पण मेसेजमध्ये ‘तू’ होता कुठे? मराठीत तो बऱ्याचदा क्रियापदातच लपलेला असतो.

म्हणून आधी क्रियापदं तपासायची. ‘ये’चं ‘या’ झालं. ‘पत्ता पाठवा’ चुकीचं नाही, पण कोरडं, हुकूम सोडल्यासारखं वाटतं. ‘पाठवाल का?’ म्हटलं की विनंती होते.

मग ज्यांच्याबद्दल बोलतोय ती माणसं. सरांना ‘या’ आणि त्यांच्या पत्नीला ‘काकूला’, असं लिहिलं तर आदर अर्ध्यावरच राहिला. तिथे ‘काकूंना’ हवं.

शेवटी असं झालं: ‘सर, शनिवारी नक्की या. काकूंनाही घेऊन या. पत्ता पाठवाल का? गाडी पाठवतो.’

आजीला मात्र ‘ये’च लिहिलं. आमच्याकडे आजीला ‘अगं’ म्हणतात. ‘या’ वाचून तिने लगेच फोन केला असता, “काय रे, रागावलास का माझ्यावर?”