उचलीची चिठी
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषणाची सवय नाही. पण मागल्या सभेत चहाच्या वेळी कामवाल्या बाईंना दिलेल्या उचलीचा विषय निघाला, तेव्हा माझी चूक मी सांगितली आणि सगळ्या म्हणाल्या, हेच वर्धापनदिनी सांगा. म्हणून उभी राहिले आहे.

आमच्याकडे भांडी, धुणे व केरफरशीला मावशी येतात. पगार ४,००० रुपये. जून २०२४ मध्ये नवऱ्याच्या दुखण्यासाठी त्यांनी १२,००० रुपये उचल घेतली. मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले, "दरमहा २,००० कापणे". लिहिले ते माझ्यासाठी. त्यांना धड वाचूनही दाखवले नाही.

पगाराच्या दिवशी मी २,००० कापले, वर तीन खाड्यांचे ४०० कापले आणि हातात १,६०० ठेवले. मावशी काही बोलल्या नाहीत. पुढे कळले, की खोलीचे भाडे द्यायला त्यांनी शेकडा पाच रुपये महिना व्याजाने दुसरीकडून पैसे काढले. म्हणजे माझी बिनव्याजी उचल फेडायला व्याजाचे कर्ज! त्यांच्या दुसऱ्या घरीही उचल कापली जात होती, ते तर मी विचारलेच नव्हते.

मग एका दुपारी त्यांना बसवून घेतले. या वेळी हप्ता किती, हे आधी विचारले नाही. विचारले, "मावशी, महिन्याला हातात किती पडले म्हणजे तुमचे भागते?" त्या म्हणाल्या, "वहिनी, इथले तीन हजार तरी पाहिजेत." तेव्हा ८०० चा हप्ता ठरला. उरलेल्या १०,००० चे बारा हप्ते आणि शेवटी ४००. मग ही चिठी लिहिली:

"मावशींस, जून २०२४ मध्ये तुम्ही १२,००० रुपये उचल घेतली. पैकी २,००० फिटले, बाकी १०,०००. ऑगस्टच्या पगारापासून दरमहा ८०० वळते करू. व्याज नाही. दिवाळीच्या महिन्यात व मे महिन्याच्या पगारातून काही कापणार नाही. दिवाळीची बक्षिसी उचलीत धरणार नाही. महिन्याला दोन सुट्ट्या भरपगारी, त्यावरचे खाडे वेगळे लिहू. हातात ३,००० पेक्षा कमी पडत असतील तर त्या महिन्याचा हप्ता पुढे जाईल. मधे आणखी पैसे घेतले तर त्याच दिवशी दोघींच्या वहीत लिहू. काम सोडावेसे वाटले तर सोडता येईल. बाकी रक्कम जमेल तशी द्यावी."

मे महिना का वगळला, तर तो पगार जूनच्या सुरुवातीला हातात येतो आणि तेव्हाच मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च असतो.

शेवटच्या वाक्यावरून आमच्या घरात वाद झाला. आमचे हे म्हणाले, "असे लिहून दिलेस तर त्या उद्याच जातील." पण उचलीपायी माणसाला कामाला बांधून ठेवणे ही वेठबिगारी आहे, आणि ती बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. शिवाय जायचेच असेल तर चिठी नसतानाही जातातच की!

चिठीच्या दोन प्रती केल्या. मावशींना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या नववीतल्या मुलीला बोलावून तिच्याकडून वाचून घेतली. "वळते करू" या शब्दावर ती अडली. मावशींना वाटले, पैसे परत मिळणार! तेव्हा "पगारातून कापू" असे सोपे करून लिहिले. आपल्याला सरावाचा शब्द समोरच्याला कळतोच असे नाही.

खरी परीक्षा जानेवारी २०२५ मध्ये झाली. मावशी तापाने नऊ दिवस आल्या नाहीत. दोन सुट्ट्या सोडून सात खाडे, दिवसाला १३० प्रमाणे ९१० गेले, राहिले ३,०९०. त्यातून ८०० कापले असते तर हातात २,२९० पडले असते. चिठीप्रमाणे हप्ता पुढे गेला. मला ते जरा जड गेले, खोटे कशाला सांगू. त्या महिन्यात आमच्याकडेही ओढाताण होती. पण लिहून दिलेले होते.

मार्चमध्ये एक घोटाळा झाला. मधे घेतलेले ५०० मी माझ्या वहीत लिहिले, त्यांच्या वहीत लिहायचे राहिले. महिनाअखेर त्या म्हणाल्या तीनशे, मी म्हणे पाचशे. दोघीही खऱ्याच वाटत होतो. चूक लिहिण्यात माझी, म्हणून तीनशेच धरले.

ऑक्टोबर २०२५ दिवाळीचा म्हणून पुन्हा सुटला, नोव्हेंबरात बारावा हप्ता झाला आणि डिसेंबरच्या पगारातून शेवटचे ४०० गेले. मावशींच्या मुलीने दोन्ही वह्यांत "बाकी काही नाही" असे लिहिले, मी सही केली, मावशींनी अंगठा दिला. परवा त्यांनी पुन्हा दोन हजार मागितले. वहीचे नवे पान काढले आहे.