फोटो आधी कुठे होता?
(फुलंब्री येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

आज पडद्यावर फोटो शोधायच्या पायऱ्यांचा दोन मिनिटांचा एक व्हिडिओ दाखवणार आहे. तो मध्येमध्ये थांबवीन. मागच्या रांगेतल्या आजोबांचं बोट योग्य जागी पडल्याशिवाय पुढे जायचं नाही.

उदाहरण एकच घेऊ, आपल्या शेजारचं. २०१८च्या उन्हाळ्यात मालेगावकडे एक क्लिप फिरत होती. तिच्यात रांगेत ठेवलेले लहान मुलांचे मृतदेह होते आणि सोबत सांगणं असं, की मुलं पळवून त्यांचे अवयव काढतात. त्याच दिवसांत, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते होते मंगळवेढ्याकडचे डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारे. आणि ती मुलं? सीरियातल्या गौता भागात २१ ऑगस्ट २०१३ला झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यात गेलेली.

हे घरबसल्या कसं कळलं असतं, ते बघा. क्लिप चालू करा आणि चित्र स्थिर, स्पष्ट असेल तिथे थांबवा. स्क्रीनशॉट घ्या. आता वरची बॅटरीची पट्टी, खालची बटणं, कुणी चिकटवलेलं मराठी वाक्य, सगळं कापून टाका. कित्येकांचा शोध इथेच फसतो, कारण यंत्र चित्राऐवजी त्या अक्षरांच्या मागे लागू शकतं. मग गूगल ॲपमधल्या कॅमेऱ्याच्या खुणेवर दाबून गॅलरीतून हे चित्र द्या. आधी नुसती दिसायला सारखी चित्रं येतील. त्यांत रमू नका, `Exact matches` दिसलं तर तिकडे जा. शिवाय `tineye.com` वर तेच चित्र टाकून `Oldest` निवडा. म्हणजे तिथल्या नोंदींतलं सगळ्यात जुनं पान वर येतं.

आता पान उघडायचं आणि तारीख बघायची. चित्र २०१३च्या पानावर असेल, तर ते २०१८चं असूच शकत नाही. एवढी एक तारीख पुरते, पानाची भाषा कळली नाही तरी चालतं. मात्र ती तारीख पान छापल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे. फोटो त्याहूनही जुना असू शकतो. आणि एखाद्या पानाच्या कडेला आजची तारीख आपोआप पडते, तिला फसू नका.

इथे नेहमी कुणीतरी विचारतं, ‘काहीच सापडलं नाही तर फोटो खरा ना?’ नाही. काल कुणी मोबाइलवर काढून थेट ग्रुपवर टाकलेला फोटो इंटरनेटच्या पानांवर नसतोच. कुणी फोटो आरशासारखा उलटवला, तरी शोध चुकू शकतो. गॅलरीतल्या संपादनात तो पुन्हा सुलटा करून बघा, दुसरा क्षण निवडून नवा स्क्रीनशॉट घ्या. तरीही हाती काही लागलं नाही, तर आपल्याला माहीत नाही, एवढंच त्यातून कळतं.

मी ती मुलं पडद्यावर दाखवणार नाही. सरावाला आपल्या बाजाराचा एक जुना फोटो आणलाय. काढा मोबाइल.