कागद पाठवायचा की कागदाचा फोटो?

व्हॉट्सॲपवरून पीडीएफ पाठवली की ती अस्पष्ट होते, अशी तक्रार माझ्या कानावर नेहमी येते. खरं तर पीडीएफ म्हणून पाठवलेली फाइल व्हॉट्सॲप लहान करत नाही, ती जशीच्या तशी पोचते. लहान होतो तो फोटो. बहुतेक वेळा आपण कागद पाठवतोय असं समजून त्याचा फोटो किंवा स्क्रीनशॉट पाठवलेला असतो.

आमच्या शेजाऱ्यांचंच उदाहरण घ्या. त्यांना एका जुन्या, हाती लिहिलेल्या फेरफाराची प्रत पुण्याच्या वकिलांकडे पाठवायची होती. पान नीट स्कॅन केलेलं होतं, इंचाला ३०० ठिपके. ए-फोर कागदाची उभी बाजू त्या हिशेबानं सुमारे साडेतीन हजार ठिपक्यांची होते. मुलानं ते पान गॅलरीतून फोटो म्हणून पाठवलं. तसं पाठवलं की साध्या दर्जात लांब बाजू दीड-दोन हजार ठिपक्यांवर येते. उंची निम्मी, रुंदी निम्मी, म्हणजे एकूण ठिपके जेमतेम चौथा हिस्सा. शिवाय अक्षरांच्या कडा पुसट होतात. वकिलांना क्षेत्राच्या आकड्यात १ आहे की ९, तेच कळेना! एचडी निवडल्यास फरक पडतो, पण फोटो तरीही थोडा दाबला जातोच.

मग त्यांनी तेच पान दस्तऐवज म्हणून पाठवलं. चॅटमध्ये पिनेचं चिन्ह दाबायचं (आयफोनवर अधिकचं), 'Document' निवडायचं आणि फाइल उचलायची. फोटोही याच वाटेनं पाठवला तर तो मूळ आकारातच जातो. खात्री करायची असेल तर दोन्हीकडे फाइलचा आकार पाहावा. इथे २.४ एमबी असेल तर तिथेही तेवढाच दिसायला हवा.

डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याला तर दुसरी वाटच नाही. ती स्वाक्षरी फाइलच्या मजकुराशी बांधलेली असते. स्क्रीनशॉट घेतला की स्वाक्षरीचं नुसतं चित्र उरतं आणि पडताळणी होत नाही. आकार कमी करून देणाऱ्या संकेतस्थळावरून फाइल फिरवून आणली, तरी स्वाक्षरी मोडते.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. फोटो म्हणून आलेलं पुसट पान पुन्हा पीडीएफमध्ये घातलं, तर गेलेले ठिपके परत येत नाहीत. अशा वेळी मूळ फाइलच मागवावी.

लग्नपत्रिका किंवा सभेची सूचना खुशाल फोटो म्हणून पाठवा, चटकन उघडते. पण ज्या कागदावरचा आकडा वाचायचा आहे, जो छापायचा आहे किंवा ज्यावरची सही तपासली जाणार आहे, तो दस्तऐवज म्हणूनच जाऊ द्या.