धाकटीचे 30,000 कुणी भरायचे?

आज वही-पेन जवळ घेऊन बसा, कारण थोडी आकडेमोड आहे. बचत गटात हिशोब सोपा असतो, सगळ्यांची बचत सारखी, सगळ्यांचा वाटा सारखा. पण गटातल्या दोघी-तिघी मिळून भागीदारीत धंदा काढतात, तेव्हा एकीचा पैसा जास्त असतो, दुसरीचे हात जास्त राबतात आणि तिसरी नवी असते. मग वर्षअखेरी नफा कसा वाटायचा? आमचाच हिशोब सांगतो.

आम्ही तिघी हळद पूड करून विकतो. आक्का सांगली जिल्ह्यातली. सांगलीच्या बाजारातून हळकुंड घेणं तिच्याकडे, आणि भांडवलही तिचंच जास्त, 3,00,000 रुपये. ताई सातारा जिल्ह्यातली. कांडप, चाळण, पुड्या भरणं ती बघते. तिचे 1,50,000. धाकटी साताऱ्यात दुकानांना माल पोचवते. तिने 50,000 घातले. ती आधी पॅकिंगच्या कामाला जायची, महिन्याला 2,500 रुपये ठरलेले. ते सोडून ती आमच्यात आली, म्हणून तिने एक अट घातली, की वर्षाला किमान 30,000 तरी मला मिळालेच पाहिजेत. आम्ही हो म्हणालो.

तोंडी हो म्हणून भागत नाही. 1932 च्या भागीदारी कायद्यात स्पष्ट आहे, की करारात काही लिहिलं नसेल तर नफा सगळ्यांना सारखा, कुणालाही पगार नाही आणि भांडवलावर व्याज नाही. म्हणजे आक्काचे 3 लाख आणि धाकटीचे 50,000 एकाच मापाने मोजले गेले असते. म्हणून आम्ही करारपत्र केलं. भांडवलावर वर्षाला 8 टक्के व्याज, ताईला महिना 5,000 पगार, उरलेला नफा 3, 2, 1 या प्रमाणात, आणि धाकटीला किमान 30,000. ते कमी पडले तर आक्का आणि ताईने 3 ला 2 या प्रमाणात भरायचे.

आता हिशोबाच्या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवा. पहिल्या पायरीवर धंद्याचा खर्च येतो, म्हणजे हळकुंडाची किंमत, वीजबिल, टेम्पोभाडं आणि मजुरीने येणाऱ्या बायांची मजुरी. कुणी भागीदाराने भांडवलाखेरीज कर्ज म्हणून पैसे दिले असतील, तर त्याचं व्याजही इथेच. हे सगळं वजा करून उरतो तो निव्वळ नफा. दुसऱ्या पायरीवर तो नफा तिघींत वाटायचा. त्यासाठी वेगळं खातं असतं, नफा वाटणीचं खातं. भांडवलावरचं व्याज आणि ताईचा पगार या दुसऱ्या खात्यात येतात. ताई मजूर नाही, मालकीण आहे. तिचा पगार हा नफ्यातलाच एक वाटा. आमच्याकडून पहिल्या वर्षी इथेच चूक झाली. ताईचे 60,000 आम्ही मजुरीत लिहिले आणि वाटणीच्या वेळी पुन्हा धरले. एकच रक्कम दोनदा वजा झाली आणि नफा तेवढ्याने कमी दिसला. ताईचा पगार दोन्ही पायऱ्यांवर लिहिला गेला नाही ना, हे तपासलं की अशी चूक लगेच सापडते.

ती दुरुस्त केल्यावर निव्वळ नफा आला 2,20,000. त्यातून आधी व्याज. आक्काला 24,000, ताईला 12,000, धाकटीला 4,000. मग ताईचा पगार 60,000. एक लाख गेले, 1,20,000 उरले. त्याचे सहा भाग केले, आक्काला 60,000, ताईला 40,000, धाकटीला 20,000.

इथे वाद झाला. धाकटी म्हणाली, "आक्का, मला 10,000 कमी पडले." आक्का म्हणाली, "अगं, व्याजाचे 4,000 मिळालेत की. कमी आहेत ते 6,000." दोघींचंही खरं होतं. करारात नुसतं 'किमान 30,000' लिहिलं होतं. ते फक्त नफ्याच्या वाट्याचे, की व्याज धरून, हे लिहायचं राहून गेलं होतं. त्या वर्षी आम्ही धाकटीचं ऐकलं. आक्काने 6,000 आणि ताईने 4,000 आपापल्या वाट्यातून सोडले. आक्काला व्याजासह एकूण 78,000, ताईला व्याज-पगारासह 1,08,000, धाकटीला 34,000. बेरीज करून बघा, बरोबर 2,20,000 येते.

दुसऱ्या वर्षी खरी परीक्षा झाली. हळकुंडाचा भाव चढला आणि दुकानदार पुडीचा दर वाढवू देईनात. निव्वळ नफा आला अवघा 70,000. व्याज आणि पगार मिळून द्यायचे होते एक लाख. भांडवलावरचं व्याज नफ्यातूनच द्यायचं असतं, नफा नसेल तर ते मिळत नाही. पगारही आम्ही नफ्यातूनच ठरवला होता. म्हणून प्रत्येक रुपयाला 70 पैसे असे वाटले. आक्काला 16,800, ताईला व्याजाचे 8,400 आणि पगाराचे 42,000, धाकटीला 2,800. वाटून खाली काहीच उरलं नाही. म्हणजे धाकटीचा नफ्याचा वाटा शून्य, पण हमी उभीच.

ही हमी धंद्याने दिलेली नसते, बाकीच्या भागीदारांनी दिलेली असते. आक्काला 18,000 आणि ताईला 12,000 भरावे लागले. ताईकडे 38,400 राहिले. पण आक्काला मिळाले होते 16,800 आणि द्यायचे होते 18,000. तीन लाख घालूनही तिच्या भांडवलातून 1,200 वजा झाले. ताईचं आणखी एक निघालं. तिने पगार म्हणून दरमहा 5,000 घेतले होते, वर्षाचे 60,000. वर्षअखेरीपर्यंत ती फक्त उचल असते. हक्काचे निघाले 38,400, म्हणून जास्तीचे 21,600 तिच्या भांडवलातून कमी केले.

त्या रात्री आक्का जेवली नाही. धाकटीलाही अवघडल्यासारखं झालं. पण तिने नोकरी सोडली होती ती या शब्दावरच, म्हणून आम्ही शब्द मोडला नाही. पुढच्या वर्षापासून मात्र करारातलं वाक्य बदललं. आता ते असं आहे: 'भांडवलावरचं व्याज धरून धाकटीला वर्षाला किमान 30,000 मिळतील. कमी पडल्यास आक्का व ताई 3 ला 2 या प्रमाणात भरतील. ही हमी तीन वर्षांची.' याच वाक्याने ते वाईट वर्ष पुन्हा मोजून बघितलं. धाकटीसाठी 27,200 भरावे लागले असते. त्यातले आक्काचे 16,320, म्हणजे तिच्या हाती 480 रुपये राहिले असते. फार नाहीत, पण भांडवलाला हात लागला नसता.

तुमच्यापैकी कुणी भागीदारीचा करार करणार असाल, तर हमीच्या वाक्यात तीन गोष्टी आहेत का बघा. व्याज-पगार धरून की सोडून, कमी पडलेलं कुणी आणि कोणत्या प्रमाणात भरायचं, आणि किती वर्षं. मग सही करण्याआधी चांगल्या वर्षाचा एक आणि वाईट वर्षाचा एक असे दोन हिशोब तिघींनी एकत्र बसून मांडा. आम्ही चांगल्या वर्षाचाच मांडला होता.