भेटीनंतर पाठवायचं एक पान



समजा, पुण्यातल्या एका पुस्तक प्रदर्शनात कोल्हापूरची एक चित्रकर्ती आणि मुलांची पुस्तकं काढणारे एक प्रकाशक यांची गाठ पडते. दोन-चार मिनिटं बोलणं होतं. ‘तुमचं काम पाठवा, बघतो,’ असं म्हणून प्रकाशक पुढच्या स्टॉलकडे वळतात. रात्री घरी पोचल्यावर ती व्हॉट्सअ‍ॅपवर तीस-चाळीस चित्रं पाठवते. त्यात मुखपृष्ठं असतात, शाळेच्या भिंतीवर काढलेलं चित्र असतं, एका नातेवाइकांचं व्यक्तिचित्रही असतं. प्रकाशक चार चित्रं उघडून बघतात. दोन महिन्यांनी त्यांच्या टेबलावर एक बालकथा येते आणि त्यांना ती चित्रकर्ती आठवते. पण नाव नीट आठवत नाही, नंबर साठवलेला नाही आणि ते संभाषण इतर शेकडो निरोपांच्या खाली गेलेलं आहे. काम दुसऱ्या कुणाकडे जातं.

अशा भेटीनंतर पाठवता येईल आणि दोन महिन्यांनीही सापडेल असं एक साधं वेबपान कसं करावं, हे मी आज सांगणार आहे. मी अशी पानं रचण्याचं काम करतो. पान करायला घेतलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सगळं जग असतं: कुणीतरी गूगलवर शोधेल आणि येईल. प्रत्यक्षात येणारा माणूस बहुधा तुम्हाला नुकताच भेटलेला असतो, किंवा कुणीतरी त्याला तुमचं नाव सांगितलेलं असतं. त्याच्या हातात फोन असतो आणि वेळ थोडा असतो. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात. ही व्यक्ती नेमकं काय करते? तिचं काम माझ्या उपयोगाचं आहे का? आणि असेल, तर मी आता काय करू? पानावरची प्रत्येक गोष्ट या तिन्हींपैकी एकाचं उत्तर देत असेल तरच तिथे ठेवावी.

सुरुवात नावापासून करू. सर्वांत वर पूर्ण नाव आणि त्याखाली एक ओळ. ‘रंगांच्या दुनियेत आपलं स्वागत’ या ओळीतून प्रकाशकांना काहीच कळत नाही. ‘मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं आणि मुखपृष्ठं. जलरंग आणि डिजिटल. कोल्हापूर.’ एवढं वाचलं की कामाचा प्रकार, माध्यम आणि गाव, तिन्ही कळतात. ही ओळ अक्षरांत टाइप केलेली असावी. चित्रात लिहिलेला मजकूर सहज कॉपी करता येत नाही आणि चित्रातल्या फोन नंबरवर बोट ठेवून प्रत्येक फोनवरून सरळ फोन लावता येत नाही.

मग काम. इथे सर्वांत जास्त विचार करावा लागतो, कारण प्रश्न सुंदर चित्रं निवडण्याचा नसतो. मुलांच्या पुस्तकाचा प्रकाशक एका गोष्टीकडे बारकाईने बघतो: पहिल्या पानावरची मुलगी दहाव्या पानावर तीच वाटते का? ती मागून दिसली, पळताना दिसली, रडताना दिसली, तरी ओळखू येते का? एक देखणं चित्र काढणारे पुष्कळ असतात. एकच पात्र चोवीस पानं सांभाळणारे कमी असतात. म्हणून आपल्या चित्रकर्तीने एकाच गोष्टीतली लागोपाठची तीन पानं दाखवायला हवीत. त्यांच्या जोडीला दोन मुखपृष्ठं, एक काळ्या-पांढऱ्या रेघांचं चित्र, कारण कित्येक पुस्तकांची आतली पानं एकाच रंगात छापतात, आणि एका चित्राचं कच्चं रेखाटन व त्याचं पूर्ण झालेलं रूप शेजारी-शेजारी. एवढं पुरे. नातेवाइकांचं व्यक्तिचित्र कितीही छान असलं तरी या पानावर नको. ते दिसलं की ही नेमकी कशाची चित्रकार, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

प्रत्येक चित्राखाली एक-दोन ओळी हव्यात: पुस्तकाचं नाव, वयोगट, आणि आपण त्यात काय केलं. मुखपृष्ठावरची अक्षरं दुसऱ्याने केली असतील तर तेही लिहावं. छापून आलेलं काम असेल तर चित्र ठेवण्याआधी त्या प्रकाशकाची परवानगी घ्यावी, कारण करारात हक्क कुणाकडे गेले आहेत हे प्रत्येक वेळी वेगळं असतं. आणि अजून एकही पुस्तक आलेलं नसेल तर? एखादी लोककथा घ्यावी, तिची तीन पानं स्वतः रंगवावीत आणि खाली सरळ लिहावं, ‘सरावासाठी केलेलं काम’. प्रकाशकाला पात्र सांभाळलेलं दिसलं की त्याचं काम होतं.

आता एक तांत्रिक गोष्ट, कारण पुष्कळ पानं इथेच अडतात. ए-४ आकाराचं चित्र ३०० डीपीआयने स्कॅन केलं तर ते साधारण २५०० गुणिले ३५०० पिक्सेलचं होतं. छपाईला ते बरोबर आहे, पण अशी सात-आठ चित्रं जशीच्या तशी पानावर चढवली की ते पान फोनवर कित्येक सेकंद कोरं दिसत राहतं आणि माणूस परत जातो. चित्राची लांब बाजू १६०० पिक्सेलपर्यंत कमी करावी आणि फाइल दोन-तीनशे केबीच्या आसपास ठेवावी. फोनच्या पडद्यावर फरक जाणवत नाही. याचा आणखी एक फायदा आहे. १६०० पिक्सेलचं चित्र ३०० डीपीआयने छापलं तर त्याची लांब बाजू जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर भरते. म्हणजे कुणी परस्पर उचललं तरी त्याचं मोठं आणि चांगलं पोस्टर होत नाही.

यानंतर तिसरा प्रश्न: बघणाऱ्याने पुढे काय करायचं? बऱ्याच पानांवर फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, फोन, ई-मेल अशी चिन्हं ओळीने मांडलेली असतात. माणूस इन्स्टाग्रामवर जातो, तिथे दुसरंच काही बघत बसतो आणि आपलं पान राहून जातं. म्हणून मुख्य बटण एकच ठेवावं आणि ते वर एकदा व चित्रांच्या खाली एकदा असं दोनदा यावं. व्हॉट्सअ‍ॅपचं बटण करणं सोपं आहे. पत्ता wa.me/91 असा सुरू होतो आणि त्यापुढे दहा आकडी नंबर लागतो. मध्ये अधिक चिन्ह, शून्य किंवा आडवी रेघ घालायची नाही. याच पत्त्याला पुढे मजकूरही जोडता येतो. म्हणजे बटण दाबलं की निरोप लिहिलेलाच समोर येतो आणि फक्त पाठवायचा उरतो.

तो निरोप काय असावा, हे ठरवण्यात खरी कसोटी आहे. नुसतं ‘हाय’ आलं तर चित्रकर्तीला चार प्रश्न विचारावे लागतात आणि उत्तरं यायला दोन दिवस जातात. त्याऐवजी निरोप असा ठेवावा: ‘नमस्कार, पुस्तकासाठी चित्रं हवी आहेत. पानं किती: … वयोगट: … रंगीत की एकरंगी: … कधीपर्यंत हवीत: …’ प्रकाशक रिकाम्या जागा भरतात. पहिल्याच निरोपात तिला कामाचा अंदाज येतो आणि ती दराबद्दल नेमकं बोलू शकते. काही कार्यालयांना लेखी व्यवहार ई-मेलवर लागतो, म्हणून बटणाखाली ई-मेलचा पत्ताही साध्या अक्षरांत द्यावा. त्याशेजारी दोन वाक्यं लिहावीत: उत्तर किती दिवसांत मिळेल, आणि दर पानागणिक आहे की पूर्ण पुस्तकाचा. एवढ्याने समोरचा माणूस संकोच न करता विचारतो. घरचा पत्ता मात्र पानावर देऊ नये. त्याची या टप्प्यावर गरज नसते.

पान ठेवायचं कुठे? गूगल साइट्स किंवा गिटहब पेजेसवर ते फुकट ठेवता येतं. स्वतःच्या नावाचा पत्ता हवा असेल, म्हणजे शेवटी .in वगैरे, तर त्याचे दर वर्षी पैसे भरावे लागतात. इथे एक काळजी घ्या. वेबसाइट करून देणारा पुष्कळदा तो पत्ता स्वतःच्या खात्यावर घेतो. पुढे त्याच्याशी संपर्क तुटला की पत्त्याचं नूतनीकरण होत नाही, पत्ता सुटतो आणि तो दुसरं कुणीही घेऊ शकतं. तेव्हा नोंदणी आपल्या नावाने आणि आपल्या ई-मेलवरच करावी. व्हिजिटिंग कार्डावर क्यूआर कोड छापणार असाल तर त्यात थेट आपलाच पत्ता भरावा. काही संकेतस्थळं कोड फुकट करून देतात, पण तो आधी त्यांच्या पत्त्यावर जातो आणि तिथून आपल्याकडे वळतो. त्यांनी ती सोय बंद केली की छापलेली सगळी कार्डं वाया जातात. कोड पांढऱ्यावर काळा, दोन सेंटिमीटरहून लहान नाही आणि भोवती कोरी जागा सोडलेला असावा.

पान तयार झालं की ते स्वतःच्या संगणकावर बघून समाधान मानू नका. आपल्या खात्यात आपण लॉगिन असतो, त्यामुळे आपल्याला सगळं उघडलेलं दिसतं. चित्रं गूगल ड्राइव्हवर असतील तर समोरच्याला ‘परवानगी मागा’ असा निरोप दिसू शकतो, आणि अनोळखी माणूस ती मागत बसत नाही. म्हणून लिंक दुसऱ्याच्या फोनवर, वायफाय बंद करून उघडा. आपलं काम ठाऊक नसलेल्या एखाद्याच्या हातात फोन द्या, दहा सेकंदांनी परत घ्या आणि विचारा: ही बाई काय करते आणि तिच्याशी कसं बोलायचं? उत्तर अडखळलं तर वरची ओळ बदला. मग बटण दाबून खरोखर निरोप पाठवून बघा. नंबरातला एक आकडा चुकला असेल तर तो इथेच सापडतो. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यावर तिच्याखाली नाव आणि चित्र दिसतं का, हेही तपासा. दिसत नसेल तर बहुधा पानाचं शीर्षक आणि शेअरसाठीचं चित्र भरायचं राहिलेलं असतं. दोन महिन्यांनी प्रकाशक संभाषणं शोधतील तेव्हा हेच नाव आणि हेच चित्र त्यांना ओळख पटवून देईल.

अशा पानाने काम मिळेलच असं नाही. प्रकाशकाचा अर्थसंकल्प, कथेचा बाज, वेळेचं गणित या गोष्टी पानाच्या हातात नसतात. झालेली ओळख पुढच्या बोलण्यापर्यंत नेणं, एवढंच त्याचं काम. म्हणून पान करायला बसण्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहा. एक, आपल्या कामाची ती पहिली ओळ. दुसरी, नव्या माणसाकडून आपल्याला जसा यायला हवा तसा पहिला निरोप, रिकाम्या जागांसकट. हे दोन्ही नक्की झालं की मध्ये कोणती चित्रं ठेवायची आणि कोणती काढायची, हे ठरवायला फारसा वेळ लागत नाही.